जमिनीची प्रत मोजायची राहून गेली, तर शेततळ्याचा निष्कर्ष किती टिकतो?

प्रश्न: मॅडम, २०२३ च्या खरिपात जालना आणि परभणी जिल्ह्यांतल्या ४०० सोयाबीन शेतकऱ्यांचा सर्व्हे केला. शेततळं असलेल्यांचा उतारा एकरी १.२ क्विंटलने जास्त येतो (स्टँडर्ड एरर ०.३०, डिग्रीज ऑफ फ्रीडम ३८५). विहीर, क्षेत्र, शिक्षण, बैलजोडी, महसूल मंडळ हे सगळं रिग्रेशनमध्ये आहे. गाईड म्हणतात, जमिनीची प्रत घेतलीच नाहीस, त्यामुळे हा आकडा धरता येत नाही. आता परत ४०० जणांकडे जाणं शक्य नाही. काही करता येईल का? आउटपुट सोबत जोडलंय.

उत्तर:

तुमच्या गाईडचा आक्षेप बरोबर आहे, पण तो अर्धा आहे. "अमुक घटक राहिला" एवढ्यावर निकाल पडत नाही. राहिलेला घटक दोन्ही बाजूंना धरून असावा लागतो: शेततळं कोणाकडे झालं याच्याशीही त्याचा संबंध हवा आणि उताऱ्याशीही हवा. दोन्ही संबंध असले तरी ते किती घट्ट असले म्हणजे तुमचे १.२ क्विंटल शून्यावर येतील, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडे आत्ता आहे त्याच आउटपुटमधून काढता येतं.

विचार जुना आहे. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा वाद चालू असताना रोनाल्ड फिशर म्हणत होते की माणसाला सिगारेटकडे ओढणारा आणि कर्करोगही घडवणारा एखादा जनुकीय घटक असू शकेल. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला आकड्यात उत्तर दिलं. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा त्या छुप्या घटकामुळेच असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट आढळायला हवा. असा घटक कोणी दाखवू शकलं नाही. रिग्रेशनसाठी हाच विचार कार्लोस सिनेली आणि चॅड हॅझलेट यांनी २०२० मध्ये सोप्या रूपात मांडला, आणि तुमच्या कामाला तोच लागू पडतो.

त्यात छुप्या कन्फाउंडरची ताकद दोन आकड्यांत मोजतात. दोन्ही आंशिक आर-वर्ग आहेत. पहिला असा: विहीर, क्षेत्र, मंडळ वगैरे धरून झाल्यावर शेततळं असण्या-नसण्यात जो फरक शिल्लक राहतो, त्यातला किती टक्के फरक जमिनीच्या प्रतीने समजतो. दुसरा असा: तेच सगळं आणि शेततळंही धरल्यावर उताऱ्यात जो फरक उरतो, त्यातला किती टक्के प्रतीने समजतो. हे दोन आकडे दिले की अंदाज किती घसरेल ते नेमकं सांगता येतं:

```
bias = se * sqrt(df) * sqrt( R2yz * R2dz / (1 - R2dz) )
```

`R2dz` म्हणजे शेततळ्याच्या बाजूचा आकडा आणि `R2yz` म्हणजे उताऱ्याच्या बाजूचा. दोघांचा गुणाकार आहे हे नीट बघा. एक बाजू शून्याजवळ असली तर दुसरी कितीही मोठी असो, घसरण किरकोळच राहते. घटक "महत्त्वाचा आहे" एवढ्या कारणाने लोक घाबरतात, ती भीती बहुतेक वेळा उताऱ्याच्या एकाच बाजूची असते.

आता तुमचे आकडे घेऊ. १.२ भागिले ०.३० म्हणजे टी आला ४. त्याला ३८५ च्या वर्गमुळाने, म्हणजे १९.६ ने भागलं की ०.२०४ येतात. याला `f` म्हणू आणि पुढच्या सूत्रात घालू:

```
RV = ( sqrt(f^4 + 4*f^2) - f^2 ) / 2
```

उत्तर येतं ०.१८४. याला रोबस्टनेस व्हॅल्यू म्हणतात. छुप्या घटकाने शेततळ्याच्या उरलेल्या फरकातला १८.४ टक्के आणि उताऱ्याच्या उरलेल्या फरकातलाही १८.४ टक्के समजावला, तर तुमचे १.२ क्विंटल बरोबर शून्य होतात. दोन्हीकडे त्याहून कमी असेल तर अंदाज शून्यापर्यंत पोचत नाही. नुसती सार्थकता जाण्यासाठी, म्हणजे ५ टक्के पातळीवर शून्य पुन्हा मर्यादेत येण्यासाठी, लागणारी ताकद साहजिकच कमी आहे. तुमच्या बाबतीत ती ९.८ टक्के येते.

याच टी मधून आणखी एक आकडा सहज निघतो. १६ भागिले (१६ अधिक ३८५) म्हणजे ४ टक्के. समजा जमिनीच्या प्रतीने उताऱ्यातला उरलासुरला सगळा फरक समजावला, पूर्ण १०० टक्के. तरी तुमचा निष्कर्ष पुसायला तिने शेततळ्याच्या बाजूचा निदान ४ टक्के फरक समजवावा लागेल. ही अगदी टोकाची शक्यता आहे, पण गाईडसमोर हा आकडाही ठेवा.

इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबते. टी मोठा आला म्हणून रोबस्टनेस व्हॅल्यू मोठी येत नाही. तुमचा टी ४ च आला असता पण नोंदी ४०,००० असत्या, तर `f` ०.०२ झाला असता आणि रोबस्टनेस व्हॅल्यू जेमतेम २ टक्के. नमुना वाढवला की स्टँडर्ड एरर घटतो, पण छुप्या घटकाने आणलेला कल तसाच राहतो. मोठ्या सरकारी डेटावर तीन तीन तारे लावलेले निष्कर्ष या कसोटीवर कोसळतात ते याच कारणाने.

दुसरी चूक क्लस्टरची. तुम्ही गावनिहाय क्लस्टर केलेला स्टँडर्ड एरर घेतला असेल तर तो शोधनिबंधात जरूर द्या, पण वरच्या सूत्रात तो घालू नका. टी वरून आंशिक आर-वर्ग काढायचं नातं साध्या स्टँडर्ड एररलाच लागू आहे. तुमच्या आउटपुटमधला ०.३० साधाच आहे, मी पाहिलं.

आता मुख्य भाग. १८.४ टक्के जास्त की कमी? याला कोणताही ठरलेला उंबरठा नाही, आणि कोणी "१० च्या वर म्हणजे चांगलं" असं सांगितलं तर मानू नका. तुलना करायची ती तुमच्याच डेटातल्या एखाद्या ओळखीच्या, दणकट घटकाशी. तुमच्याकडे तो विहीर आहे. आपल्याकडे शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरतात तशीच विहिरीतून किंवा बोअरमधून उपसूनही भरली जातात. ज्याच्या विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी असतं तोच शेततळं खोदायचा आणि प्लास्टिकच्या अस्तराचा खर्च करायचा विचार करतो. त्याच विहिरीने शेंगा भरताना एखादं पाणीही देता येतं. म्हणजे विहीर दोन्ही बाजूंना धरून आहे.

तुमच्या आउटपुटमध्ये उताऱ्याच्या रिग्रेशनमध्ये विहिरीचा टी ४.९६ आहे, म्हणजे आंशिक आर-वर्ग ६ टक्के. शेततळं डावीकडे ठेवून बाकीच्या घटकांवर केलेल्या रिग्रेशनमध्ये तो ३.४६ आहे, म्हणजे ३ टक्के. आता विचारा: जमिनीची प्रत विहिरीइतकीच ताकदवान असेल तर? दुप्पट, तिप्पट असेल तर? हे R मधलं `sensemakr` पॅकेज करून देतं:

```r
library(sensemakr)
m <- lm(utara ~ shettale + vihir + kshetra +
          shikshan + bail + factor(mandal), data = d)
s <- sensemakr(m, treatment = "shettale",
               benchmark_covariates = "vihir", kd = 1:4)
summary(s)
plot(s)
```

`kd` म्हणजे विहिरीच्या कितीपट. मी हाताने करून पाहिलं. प्रत विहिरीइतकीच असेल तर अंदाज १.२ वरून ०.९३ क्विंटलवर येतो आणि टी ३.१ राहतो. दुप्पट असेल तर ०.६४ आणि टी २.२, म्हणजे निष्कर्ष अजून उभा आहे. तिप्पट झाली की ०.३५ आणि टी १.२, इथे सार्थकता गेली, दिशा मात्र तीच. चौपट झाली की ०.०४, म्हणजे काही उरलं नाही. `plot(s)` दिलं की हेच नकाशावर दिसतं: आडव्या अक्षावर शेततळ्याची बाजू, उभ्या अक्षावर उताऱ्याची, आणि जिथे अंदाज शून्य होतो तिथे लाल तुटक रेघ. विहिरीच्या पटीचे ठिपके त्या रेघेपासून किती लांब आहेत ते बघायचं.

आता गाईडशी बोलणं नेमकं होतं. "जमिनीची प्रत राहिली" याऐवजी वाद असा होतो की प्रत विहिरीच्या तिपटीहून जोरकस असू शकते का, आणि तेही दोन्ही बाजूंना. याचं उत्तर सॉफ्टवेअर देत नाही, ते शेतातून आणावं लागतं.

मला काय वाटतं ते सांगते. उताऱ्याच्या बाजूला प्रत विहिरीच्या वरचढ असणं सहज शक्य आहे, आणि तुमच्या वर्षी तर जास्तच. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्यात असताना एवढा खंड पडला की हलक्या जमिनीतलं पीक आधी मान टाकतं आणि भारी काळ्या जमिनीतलं ओलीवर तग धरतं. काही वर्षांपूर्वी एका सर्व्हेत मीही हाच घटक विसरले होते. परत गेले तेव्हा एका बांधावर उभं राहून दोन्ही बाजूंना सब्बल मारून पाहिली. डावीकडे हातभर खोल गेली तरी काळी चिकण मातीच लागत होती, उजवीकडे वीतभरावर खणकन मुरूम लागला. दोन्ही भावांची वाटणीची जमीन, एकच गट, बियाणं आणि पेरणीची तारीखही एकच. उतारा मात्र जवळपास दुपटीचा फरक दाखवत होता. त्या दिवसापासून "मंडळ घेतलं आहे, त्यात जमीन आली" हे मी मानत नाही. एका मंडळात, एका गावात, एका गटातसुद्धा जमीन बदलते.

शेततळ्याच्या बाजूला मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. भारी जमिनीत अस्तराविना खोदलेलं तळं बऱ्यापैकी पाणी धरतं, मुरमाड जमिनीत ते झिरपून जातं. त्यामुळे अस्तर नसलेली तळी भारी जमिनीवाल्यांकडे जास्त असणार. पण प्लास्टिक टाकलं की हा फरक बराच पुसला जातो. शिवाय बरेच शेतकरी तळ्यासाठी मुद्दाम शेतातला पडीक, खडकाळ कोपरा देतात, चांगली जमीन कोण खोदायला देईल? तेव्हा प्रतीची शेततळ्याशी गाठ आहे, पण ती विहिरीच्या तिप्पट घट्ट असेल असं मला वाटत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंना एकच पट धरायची सक्ती नाही. `kd = 1, ky = 4` देऊन बघा: शेततळ्याशी विहिरीइतकाच संबंध, उताऱ्याशी चौपट. अंदाज ०.६६ वर येतो आणि टी २.५ राहतो. माझ्या मते तुमच्या परिस्थितीचं हेच सर्वांत प्रामाणिक चित्र आहे. परिणाम असावा, पण १.२ पेक्षा बराच कमी, अर्ध्याच्या आसपास. शोधनिबंधात १.२ ठळक छापून बाकीचं परिशिष्टात टाकू नका. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात द्या.

तुलनेचा घटक निवडताना दोन गोष्टी सांभाळा. तुमच्या यादीत शिक्षणाचा उताऱ्याशी संबंध जवळपास नाहीच. शिक्षणाशी तुलना केली तर "वीसपट ताकद लागेल" असं दिमाखात लिहिता येईल, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण दुबळ्या घटकाच्या वीसपटही दुबळंच असतं. परीक्षकाने हे हेरावं अशी वेळ येऊ देऊ नका, सगळ्यांत दणकट घटकच घ्या आणि का घेतला ते लिहा. दुसरं, जो घटक शेततळ्यामुळे बदलला असेल तो तुलनेत नको आणि मुळात मॉडेलमध्येही नको. फवारण्या किती केल्या, रब्बीला हरभरा घेतला का, हे पाणी आल्यानंतरचे निर्णय आहेत. विहिरीबाबतही हीच खात्री करा. तुमच्या प्रश्नावलीत "विहिरीला पाणी किती महिने" असं विचारलंय, पण ते शेततळ्याच्या आधीचं की आताचं? तळ्याच्या झिरपण्याने शेजारची विहीर वाढते. उत्तर आताचं असेल तर विहिरीचा तो ६ टक्क्यांचा आकडाच भेसळीचा आहे आणि माझं वरचं सगळं गणित नव्याने करावं लागेल. हे आधी तपासा.

ही पद्धत काय करत नाही तेही लक्षात असू द्या. रोबस्टनेस व्हॅल्यू ही कन्फाउंडर असण्याची शक्यता नव्हे, तो किती मोठा लागेल याचं माप आहे. उतारा शेतकऱ्याने आठवून सांगितला असेल आणि अनुदान घेतलेले लोक तो वाढवून सांगत असतील, तर ती चूक यात आपोआप पकडली जात नाही. आणि जमिनीच्या प्रतीखेरीज आणखीही काही राहिलं असेल, उदाहरणार्थ शेतकऱ्याचा स्वतःचा वकूब, तर तुलना सगळ्या राहिलेल्या घटकांच्या एकत्रित ताकदीशी करायची असते. प्रतीला एकटीला तिप्पट नाकारलं म्हणून प्रत आणि वकूब मिळून तिप्पट होणार नाहीत असं होत नाही. हे वाक्य तुमच्या मर्यादांच्या भागात जसंच्या तसं असू द्या.

राहता राहिलं ४०० जणांकडे परत जाणं. मला वाटतं, जावं लागणार नाही. तुमच्याकडे गट क्रमांक आहेत ना? सातबारा ऑनलाइन निघतो आणि त्यावर क्षेत्राशेजारी आकारणी रुपयांत असते. ही आकारणी जुन्या जमाबंदीत जमिनीची प्रत पाहून ठरलेली आहे. रक्कम आज नगण्य वाटते, पण तिच्यात प्रतीची खूण शिल्लक आहे. आकारणीला क्षेत्राने भागा आणि त्याच गावाच्या सरासरीशी तुलना करा, कारण दर गावागावांत वेगळे ठरलेले होते; दोन गावांची थेट तुलना केलीत तर जमिनीऐवजी जमाबंदी मोजली जाईल. पोटहिस्से पडले असतील तर आकारणीही वाटली गेलेली असते, त्यामुळे दर हेक्टरीच धरा. माप ओबडधोबड आहे, मातीची खोली ते सांगत नाही. म्हणून साठेक जणांच्या शेतात जाऊन सब्बल किंवा ऑगरने खोली मोजा आणि आकारणी तिच्याशी किती जुळते ते पाहा. साठावरून आंशिक आर-वर्गाचा पक्का आकडा मिळणार नाही, तो खूप हलतो. पण आकारणी विश्वासार्ह आहे की नाही एवढं त्यातून कळेल.

आकारणी मॉडेलमध्ये घेतल्यावर १.२ कितीने घसरतो ते आधी बघा, मग नव्या मॉडेलवर वरचंच गणित पुन्हा करा. या वेळी तुलनेला विहीर आणि आकारणी दोन्ही ठेवा. नवं आउटपुट आणि विहिरीच्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही पाठवा, मी बघते.